दोनशेचाळीस दिवस आणि ‘पर्मनंट’

“दादा, वेर्ण्याच्या फार्मा कंपनीत २४० दिवस भरले की कंपनीला पर्मनंट करावंच लागतं ना? मी तर व्हेंडरच्या पेरोलवर तीन वर्षं आहे.”

नाही. २४० दिवसांचा नियम खरा आहे, पण तो कायम करण्याचा नाही. बारा महिन्यांत इतके दिवस भरलेल्या कामगाराला कपात करून काढायचं असेल, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, शिवाय दर वर्षामागे पंधरा दिवसांची भरपाई द्यावी लागते. तीही व्हेंडरने, कारण मालक तो. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच स्पष्ट केलं की कंत्राटी कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. कंत्राट नुसतं कागदोपत्री आहे हे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी.

खरी मेख व्हेंडर बदलतो तेव्हा असते. तेच मशीन, तोच सुपरवायझर, पण नेमणूकपत्रावर नवी तारीख. ग्रॅच्युइटीची पाच वर्षं मग बहुधा पुन्हा शून्यापासून मोजली जातात. पीएफचं तसं नाही: यूएएन तोच राहतो, जुनी रक्कम ट्रान्सफर करून घ्यायची.

म्हणून पासबुक दर महिन्याला उघडा. मूळ पगार १५,००० असेल तर स्लिपवर १,८०० कापलेले दिसतील. पासबुकात ते नसतील तर व्हेंडरकडे हेलपाटे घालत बसू नका. त्याने बुडवलेला पीएफ भरायची जबाबदारी कायद्याने मूळ कंपनीवरही येते, तेव्हा तिच्या एचआरला लेखी द्या आणि प्रत पणजीच्या पीएफ ऑफिसात.