विचारलेली अभिक्रिया यादीत का नसते : हेसच्या गणितांची पार्श्वभूमी

बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका चाळल्या की एक गणित हमखास सापडतं. तीन-चार अभिक्रिया दिलेल्या असतात, प्रत्येकीपुढे ΔH असतो, आणि किंमत काढायची असते भलत्याच एका अभिक्रियेची. हा निव्वळ परीक्षकाचा खोडसाळपणा नाही. विचारलेली अभिक्रिया बहुतेकदा कॅलरीमापीत सरळ मोजताच येत नाही. कार्बनपासून फक्त CO तयार होताना किती उष्णता निघते, हे पाहायचं म्हणून ऑक्सिजन कमी पुरवला, तर CO सोबत थोडा CO₂ होतोच आणि थोडा कार्बन तसाच राहतो. मोजलेला आकडा मग नेमका कशाचा, ते सांगता येत नाही. उलट कार्बन पूर्ण जाळणं सोपं (−३९३.५ किलोज्यूल प्रति मोल) आणि CO जाळणंही सोपं (−२८३.०). या दोन्हींची वजाबाकी केली की −११०.५ मिळतो.

ही वजाबाकी चालते, हे प्रयोगाने दाखवलं जर्मेन हेस यांनी, १८४० मध्ये. जन्म जिनिव्हाचा, पण काम सेंट पीटर्सबर्गला. त्यांनी सल्फ्युरिक आम्लात वेगवेगळ्या प्रमाणात पाणी मिसळलं आणि मग ते अमोनियाच्या द्रावणाने उदासीन केलं. आधी जास्त पाणी घातलं तर विरलनातच बरीच उष्णता निघून जाई आणि उदासिनीकरणात कमी निघे. पाणी कमी घातलं तर उलट. बेरीज मात्र दर वेळी जवळपास तीच येई. म्हणजे एकूण उष्णता मधल्या टप्प्यांवर नाही, फक्त सुरुवात आणि शेवट यांवर ठरते. हाच हेसचा नियम. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तेव्हा मांडला गेलेला नव्हता. मायर यांचा लेख १८४२ चा, हेल्महोल्ट्झ यांचा १८४७ चा. म्हणजे पुस्तकात उष्मागतिकीच्या पहिल्या नियमाचा उपसिद्धांत म्हणून शिकवला जाणारा हेसचा नियम प्रत्यक्षात त्याच्या आधीचा आहे.

पुढच्या काही दशकांत कोपनहेगनला थॉमसन आणि पॅरिसला बर्थेलो यांनी शेकडो पदार्थांच्या उष्णता मोजल्या. ज्वलन हा त्यांतला मोठा भाग, कारण ज्वलन जलद होतं आणि भरपूर ऑक्सिजन दिला की पूर्ण होतं. गणितांत दिलेल्या अभिक्रियांमध्ये ज्वलनाच्या इतक्या का असतात, याचं कारण हेच. जुन्या प्रश्नांतले दोन सापळेही या मोजणीतूनच आले आहेत.

पहिला सापळा चिन्हाचा. जुन्या उष्मारसायनात बाहेर पडलेली उष्णता धन धरत आणि ती समीकरणातच लिहीत: C + O₂ = CO₂ + 94 kcal. आता ΔH हा प्रणालीच्या बाजूने धरतात, म्हणून तीच किंमत ऋण होते. त्यामुळे जुन्या प्रश्नात ‘कार्बन, हायड्रोजन आणि मिथेन यांच्या ज्वलन उष्णता अनुक्रमे ९४, ६८.३ आणि २१२.८ किलोकॅलरी’ असं चिन्हाशिवाय छापलेलं दिसलं, तर ती बाहेर पडलेली उष्णता आहे असं समजून प्रत्येक आकड्याआधी ऋण चिन्ह लावून मगच सुरुवात करावी. किलोज्यूल हवे असतील तर ४.१८४ ने गुणावं, पण ते शेवटी एकदाच.

दुसरा सापळा अवस्थेचा, आणि गुण जास्त इथेच जातात. कॅलरीमापी २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणून त्यात तयार झालेली वाफ पाणी होऊन बसते. तक्त्यातली हायड्रोजनची −२८६ ही किंमत द्रव पाण्याची आहे. प्रत्यक्षात जळणाऱ्या इंधनातून मात्र वाफ बाहेर जाते. या दोन्हींमधला फरक प्रति मोल ४४ किलोज्यूल.

आयआयटीच्या जुन्या प्रवेश परीक्षेतला डायबोरेनचा प्रश्न नेमका यावरच उभा आहे. डायबोरेन हे संभाव्य रॉकेट इंधन असल्याचं सांगून या ज्वलनाचा एन्थाल्पी बदल विचारला होता:

B₂H₆(g) + 3O₂(g) → B₂O₃(s) + 3H₂O(g)

दिलेली माहिती, किलोज्यूलमध्ये:

2B(s) + 3/2 O₂(g) → B₂O₃(s), ΔH = −१२७३
H₂(g) + 1/2 O₂(g) → H₂O(l), ΔH = −२८६
H₂O(l) → H₂O(g), ΔH = +४४
2B(s) + 3H₂(g) → B₂H₆(g), ΔH = +३६

अशा गणितात ऑक्सिजनपासून सुरुवात करू नये. तो एकापेक्षा जास्त ओळींत असतो, त्यामुळे त्यावरून गुणक ठरत नाहीत. जो पदार्थ एकाच ओळीत आहे तो आधी धरावा. B₂H₆ फक्त चौथ्या ओळीत आहे आणि आपल्याला तो डावीकडे हवा, म्हणून ती ओळ उलटवायची: −३६. B₂O₃ पहिल्या ओळीत उजवीकडे, हवा तिथेच आणि हवा तेवढाच. ती ओळ तशीच ठेवायची. H₂O(g) फक्त तिसऱ्या ओळीत आहे आणि तीन मोल हवेत, म्हणून ३ × ४४ = १३२. त्यामुळे डावीकडे 3H₂O(l) आलं. ते घालवायला दुसरी ओळ तीनदा घ्यावी लागते, −८५८. आता बोरॉन दोन्हीकडे दोन-दोन आणि हायड्रोजन तीन-तीन असल्याने दोन्ही जातात. ऑक्सिजन दीड अधिक दीड, म्हणजे बरोबर तीन. ऑक्सिजन वापरायचा तो असा, शेवटच्या पडताळणीसाठी.

−१२७३ − ८५८ + १३२ − ३६ = −२०३५ किलोज्यूल

उत्तर चुकलं असेल तर चूक कुठे झाली ते आकडाच सांगतो. −२१६७ आलं तर वाफेची ओळ घेतलीच नाही. −२१२३ आलं तर ती घेतली, पण तीनने गुणली नाही. −१९६३ आलं तर समीकरण उलटवलं, चिन्ह तसंच राहिलं. समीकरणांची बेरीज कागदावर मांडली असती तर पहिल्या दोन्ही चुका लगेच दिसल्या असत्या, कारण H₂O(l) शिल्लक राहिलं असतं. तिसरी चूक मात्र अशी दिसत नाही. म्हणून ओळ उलटवली की त्याच क्षणी ΔH चं चिन्हही बदलून लिहावं.

सूत्राने जाणाऱ्यांची आणखी एक गफलत होते. निर्मितीच्या एन्थाल्पी दिल्या असतील तर उत्पादितांच्या बेरजेतून अभिकारकांची बेरीज वजा करतात. ज्वलनाच्या दिल्या असतील तर उलट, अभिकारकांतून उत्पादितं. हे पाठ करण्यापेक्षा समीकरणं मांडून जोडणं जास्त भरवशाचं, थोडा वेळ जास्त गेला तरी.

या पद्धतीची एक मर्यादा परीक्षेत दिसत नाही, प्रयोगशाळेत दिसते. ग्राफाइटपासून हिरा होतानाचा ΔH काढायला दोन्ही जाळतात: ग्राफाइट −३९३.५, हिरा −३९५.४, फरक +१.९. पण ३९५ च्या मोजणीत अर्धा टक्का जरी चूक झाली तरी ती दोन किलोज्यूल होते, म्हणजे अख्ख्या उत्तराएवढी. मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून छोटं उत्तर निघत असेल तर दिलेल्या किमती मध्येच पूर्णांकात आणू नयेत. इथे तसं केलं तर −३९४ आणि −३९५ उरतात आणि १.९ च्या जागी १ येतो.