चॅट-संदेशांचे ईमेलमध्ये संक्षेपण

चॅट-संदेशांचे ईमेलमध्ये संक्षेपण म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपसारख्या माध्यमातून तुटक, उलटसुलट क्रमाने आलेल्या अनेक छोट्या संदेशांतून एक हेतू शोधून काढणे आणि तो, पुढे कोणी काय करायचे यासह, एकाच ईमेलमध्ये मांडणे. कोकण किनाऱ्यावर हे काम बहुधा घरातल्या एखाद्या तरुण माणसाकडे येते. बाग, होडी किंवा घरगुती निवासाचा व्यवसाय सांभाळणारी वडीलधारी माणसे दिवसभर फोनवर सुटे संदेश टाकत राहतात. पुण्या-मुंबईच्या ग्राहकाला, बँकेला किंवा वाहतूकदाराला मात्र नोंद म्हणून जपून ठेवता येईल असे एक पत्र हवे असते. शब्दागणिक पैसे मोजावे लागत तेव्हा तारेचा मजकूर आपोआपच आखूड होई. भारतातील तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली आणि चॅटला तर मोजदादच नाही, त्यामुळे काटछाट आता लिहिणाऱ्यालाच करावी लागते.

चॅटचा बोलघेवडेपणा हा दोष मानण्याचे कारण नाही. संदेश टाकणारा माणूस टाकता टाकता विचार करत असतो: आधी पावसाची बातमी, मग फळाची तक्रार, मग टेम्पो, आणि खरा प्रश्न कुठेतरी मध्येच. गटातील माणसांना संदर्भ ठाऊक असल्याने त्यांना ते कळतेही. ज्याला तो संदर्भ ठाऊक नाही अशा माणसाकडे मजकूर पाठवायचा झाला की अडचण सुरू होते. म्हणून संक्षेपण करताना नुसते शब्द कमी करून भागत नाही. समोरच्याने नेमके काय ठरवायचे आहे ते आधी शोधावे लागते आणि त्या निर्णयाला लागेल तेवढाच मजकूर ठेवावा लागतो.

देवगड परिसरातील एका बागायतदाराचे नमुन्यादाखल रचलेले उदाहरण पाहू. पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेने पाच डझनाच्या ६० पेट्या हापूस मागवला आहे. पेटीचा दर ३,००० रुपये ठरला आहे. मंगळवार, १४ एप्रिलच्या संध्याकाळपासून बुधवारी सकाळपर्यंत काका आणि चुलतभाऊ यांनी पत्रव्यवहार पाहणाऱ्या पुतण्याला पुढील संदेश टाकले.

काका: बाबू, रात्री पाऊस पडलो
काका: फळ बारीक रवला यंदा
काका: ६० पेट्यो पाचाच्यो होवच्यो नाय
काका: ४० होतील
काका: टेम्पोवालो शनिवारी रात्री येतलो. पुण्यात आयतवारी सकाळी
काका: बाकीच्यो सहाच्यो चलतील काय ता इचार
चुलतभाऊ: सहाची अडीच हजारांक द्या
काका: सव्वीसशे. त्याच्या खाली नको
काका: शुक्रवारी सकाळी माणसा सांगितलय काढणेक
काका: गेल्या वर्षीचे थोडे पैसे अजून इले नाय
काका: परत पाऊस इलो तर शनिवारी काढूचा लागात
काका: माका फोन लागाचो नाय, बागेत रेंज नाय

येथे संस्थेच्या सचिवांनी ठरवायची गोष्ट एकच आहे, ती म्हणजे उरलेल्या २० पेट्या सहा डझनाच्या चालतील की नाही. ज्या पेटीत डझन जास्त तिचे फळ लहान, हा हिशेब बागायतदाराला सांगावा लागत नाही. पुण्यातल्या ग्राहकाला मात्र ‘सहाची पेटी’ म्हणजे जास्त माल असेच वाटण्याचा संभव असतो, त्यामुळे ही एक गोष्ट ईमेलमध्ये उलगडून सांगावी लागते. ‘सहाची’ या एका शब्दाच्या जागी ईमेलमध्ये अर्धे वाक्य येते. म्हणजे चांगल्या संक्षेपणात काही ठिकाणी मजकूर वाढतोही, आणि नवशिके लेखक नेमके येथेच चुकतात.

प्रश्न सापडला की मुदत शोधायची असते, आणि ती कामाच्या क्रमातूनच काढावी लागते. माणसे शुक्रवारी सकाळी झाडावर चढणार आहेत आणि एकदा काढलेला आंबा परत झाडावर जात नाही. म्हणजे उत्तर गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवे. काकांनी हे कुठेही लिहिलेले नाही, तरी ते त्यांच्या संदेशांतून निघते. ‘लवकर कळवावे’ असे लिहिल्यास वाचणारा ते आपल्या सवडीने घेतो. दिवस, तारीख आणि वेळ दिली, त्याचे कारणही दिले, तर मुदत आडमुठेपणाची वाटत नाही. चॅटमधील ‘उद्या’, ‘शनिवारी’, ‘परवा’ हे सर्व शब्द संदेश कधी आला त्यावरून तारखांत बदलून घ्यावेत.

यानंतर प्रत्येक आकडा कोणाचा आणि कधीचा हे तपासावे लागते. दर दोन आले आहेत. येथे शेवटचा सव्वीसशेचा आकडा बाग ज्यांच्या ताब्यात आहे त्या काकांचा असल्याने तो धरायचा. केवळ नंतर आला म्हणून आकडा खरा मानणे मात्र धोक्याचे असते. चुलतभावाचा संदेश नंतर आला असता तर पुतण्याने काकांना विचारूनच दर लिहायला हवा होता. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला संदेश पंधरा मिनिटांपर्यंत दुरुस्त करता येतो, आणि दुरुस्त संदेशावर तशी खूण दिसत असली तरी सूचनेत आधी वाचलेला आकडाच डोक्यात राहतो. म्हणून आकडे आठवणीतून लिहू नयेत, संभाषण पुन्हा उघडून घ्यावेत. लांबलचक संभाषण मजकुराच्या फाइलमध्ये काढून घेण्याची सोय आहे. त्या फाइलमध्ये वेळ आणि नाव येते, पण कोणता संदेश कोणत्या संदेशाला उत्तर म्हणून आला हा दुवा राहत नाही, त्यामुळे नुसत्या ‘हो’ने कशाला होकार दिला ते फोनवरच पाहावे लागते. ध्वनिसंदेश तर ऐकून, त्यातील आकडे कागदावर उतरवूनच घ्यावेत.

येथे एक फटही दिसते. काढणी शनिवारी गेली तर टेम्पो कधी निघेल हे संदेशांत नाही. ‘एक दिवस पुढे’ असा अंदाज सहज बांधता येतो, परंतु टेम्पोवाल्याने रविवारी दुसरे भाडे घेतलेले असू शकते. अशी जागा आपल्या मनाने भरू नये. काकांना बागेत रेंज नसेल तर ते घरी येईपर्यंत ईमेल थांबवावे, किंवा ही गोष्ट नंतर कळवू असे त्यातच स्पष्ट लिहावे. पुतण्याने वाट पाहिली आणि रविवारी रात्री टेम्पो मिळेल असे काकांकडून कळले, असे धरून पुढील ईमेल तयार होते.

विषय: ६० पैकी २० पेट्या सहा डझनाच्या चालतील का? गुरुवार, १६ एप्रिल, सायं. ५ पर्यंत उत्तर हवे

नमस्कार,
आपण मागवलेल्या पाच डझनाच्या ६० पेट्यांपैकी यंदा ४० पेट्याच देता येतील, कारण मोठे फळ कमी आहे. उरलेल्या २० पेट्या सहा डझनाच्या चालतील का? या पेटीत नग जास्त असतात, पण फळ आकाराने लहान असते.
पाच डझनाची पेटी ठरल्याप्रमाणे ३,००० रुपये आणि सहा डझनाची २,६०० रुपये. त्यानुसार एकूण रक्कम १,८०,००० ऐवजी १,७२,००० रुपये होईल.
काढणी शुक्रवार, १७ एप्रिलला सकाळी आहे. पेट्या शनिवारी रात्री निघून रविवार, १९ एप्रिलला सकाळी पोहोचतील. काढणीआधी पुन्हा पाऊस झाल्यास हे सर्व एक दिवस पुढे जाईल.
काढणी शुक्रवारी सकाळीच सुरू होणार असल्याने गुरुवार, १६ एप्रिल, सायंकाळी ५ पर्यंत ‘६० पाठवा’ किंवा ‘फक्त ४० पाठवा’ असे कळवावे. उत्तर न आल्यास आम्ही ४० पेट्या पाठवू.

विषयाच्या ओळीतच प्रश्न आणि मुदत आहे, कारण फोनच्या पडद्यावर पुष्कळांना तेवढेच दिसते. उत्तर दोन-तीन शब्दांत देता येईल अशी सोय केली आहे. उत्तर न आल्यास काय होईल तेही सांगितले आहे. हे शेवटचे वाक्य अनेकांना उद्धट वाटते आणि ते गाळले जाते. वस्तुतः ते दोन्ही बाजूंच्या सोयीचे असते, मात्र त्यात समोरच्यावर जास्त खर्च पडेल असा पर्याय ठेवू नये. उत्तर नाही म्हणून ६० पेट्या पाठवून दिल्या तर भांडणच होणार.

मागील वर्षीच्या थकबाकीचा उल्लेख ईमेलमध्ये नाही, तो मुद्दामच गाळला आहे. तो वेगळा हेतू आहे, त्याला वेगळी पुढची पायरी आहे आणि कदाचित वेगळा वाचणाराही, म्हणजे संस्थेचे खजिनदार. दोन्ही एकत्र लिहिल्यास वाचणारा सोप्या भागाचे उत्तर देतो आणि अवघड भाग सोडून देतो. म्हणून थकबाकीसाठी दुसरे ईमेल लिहावे आणि तसे काकांना सांगावेही, नाहीतर आपले म्हणणे पुतण्याने गिळले असे त्यांना वाटेल.

पावसाची अट मात्र ठेवली आहे. संक्षेपणात सर्वांत आधी बळी जातात त्या अशा अटी, कारण त्या वाक्याला लांबवतात आणि वाचायला नकोशा असतात. अट गाळलेले ईमेल जास्त नेटके दिसते, परंतु ते वचन होऊन बसते. रविवारी सकाळी पेट्या आल्या नाहीत की तेच ईमेल पुढे केले जाते.

ईमेल जमले की नाही हे आलेल्या उत्तरावरून ओळखता येते. चॅटमध्ये असलेलीच माहिती समोरच्याने विचारली, तर गरजेचे काही गाळले गेले आहे. नुसते ‘ठीक आहे’ आले, तर प्रश्न पुरेसा टोकदार नव्हता, आणि अशा वेळी सोयीचा अर्थ न काढता ‘६० की ४०?’ असे त्याच ईमेलखाली पुन्हा विचारावे. उत्तर फोनवरून आले, तर ते एका ओळीत लिहून त्याच ईमेलखाली पाठवावे, म्हणजे नोंद एका जागी राहते.

ही रीत सर्वत्र लागू पडत नाही. माल भरलेला टेम्पो घाटात बंद पडला असेल तर फोनच करावा लागतो. घरातच एकमत नसेल, म्हणजे काका आणि चुलतभाऊ दरावरून अजून वाद घालत असतील, तर कितीही कसबी लेखकाला ईमेल लिहिता येत नाही, कारण हेतूच अजून ठरलेला नसतो. त्या स्थितीत बाहेर काही पाठवण्याऐवजी दोन्ही आकडे एका संदेशात समोरासमोर मांडून घरात विचारणे एवढेच काम उरते. पुण्याहून निर्णय आल्यावर गटातही तो एकाच संदेशात टाकावा, कारण शुक्रवारी सकाळी बागेत निघण्यापूर्वी काका तेवढाच वाचणार असतात: ‘सचिवांचो होकार इलो. ४० पाचाच्यो, २० सहाच्यो, सव्वीसशेन.’