शिस्तभेद, पालकांमधील

एकाच मुलाच्या वागण्याला मर्यादा घालताना आई-वडिलांपैकी एक कडक आणि दुसरा सौम्य असणे, याला शिस्तभेद म्हणता येईल. कौटुंबिक मानसशास्त्रात त्याचा अभ्यास ‘सहपालकत्व’ या संकल्पनेखाली होतो. घराघरांत तो ‘बाबांना येऊ दे, मग बघ’ आणि ‘तुझ्याच लाडांनी बिघडलाय’ या दोन वाक्यांत ऐकू येतो. दोघांनी मुलापुढे एकच निर्णय ठेवणे म्हणजे एकमुखी भूमिका.

कडकपणा आणि लाड यांच्या वाटणीविषयी आपल्याकडे सर्वाधिक उद्धृत होणारे वचन म्हणजे ‘लालयेत्पञ्च वर्षाणि दश वर्षाणि ताडयेत् । प्राप्ते तु षोडशे वर्षे पुत्रं मित्रवदाचरेत् ॥’. पहिल्या ओळीचे ‘राजवत्पञ्च वर्षाणि दश वर्षाणि दासवत्’ असेही रूप आढळते. ते चाणक्याचे मानण्याची प्रथा आहे. मात्र चाणक्याच्या नावावरील नीतिसंग्रह बऱ्याच दीर्घ काळात वाढत गेले असावेत. लुडविक स्टर्नबाख यांनी त्यांच्या हस्तलिखितांची सहा पाठपरंपरांत विभागणी केली आहे. त्यामुळे श्लोकाचा काळ चाणक्याच्या काळावरून, म्हणजे इ.स.पू. चौथ्या शतकावरून, ठरवणे सुरक्षित नाही. तो अनामिक सुभाषित मानणे अधिक योग्य वाटते. प्रस्तुत विषयासाठी कर्त्यापेक्षा आशय महत्त्वाचा आहे. येथे लाड आणि ताडन यांची वाटणी वयानुसार आहे, माणसांनुसार नाही. वयाच्या प्रत्येक टप्प्यावर दोन्ही पालकांचे वागणे एकच असेल, हे त्यात गृहीत आहे. ‘कठोर पिता, प्रेमळ माता’ हे चिनी सूत्र मात्र हीच वाटणी व्यक्तींमध्ये करते. आपल्या घरांतला प्रघात श्लोकापेक्षा या दुसऱ्या सूत्राला जवळचा आहे. ताडनाचा सल्ला आज कोणत्याही वयासाठी स्वीकारार्ह नाही.

आधुनिक अभ्यासात डायना बॉमरिंड यांनी 1966 पासून मांडलेले पालकत्वाचे प्रकार (हुकूमत गाजवणारे, मोकळीक देणारे आणि मायेने पण ठामपणे मर्यादा घालणारे) सर्वपरिचित आहेत. या मांडणीचा वापर करताना बहुधा घराची एकच शैली धरली जाते, त्यामुळे दोन पालकांच्या दोन शैलींचा प्रश्न बाजूला पडतो. साल्वादोर मिनुचिन यांनी 1974 मध्ये तो वेगळ्या बाजूने घेतला. त्यांच्या मते आई-वडील मिळून कुटुंबात स्वतंत्र उपव्यवस्था बनते, तिच्याभोवती स्पष्ट सीमा लागते, आणि एक पालक मुलाला घेऊन दुसऱ्याविरुद्ध उभा राहिला की ती सीमा मोडते. 1981 मध्ये जीन ब्लॉक व सहकाऱ्यांनी मूल सुमारे 3 वर्षांचे असताना दोन्ही पालकांकडून संगोपनविषयक मते स्वतंत्रपणे भरून घेतली. ज्यांची मते जुळत होती त्यांचे विवाह पुढे टिकण्याचा संभव अधिक दिसला. हा सहसंबंध आहे. मतभेदामुळेच विवाह मोडले, असा अर्थ त्यातून निघत नाही. मार्क फाइनबर्ग यांनी 2003 मध्ये सहपालकत्वाचे चार घटक वेगळे केले. त्यांत मतैक्य हा एक घटक आहे आणि परस्परांना आधार देणे किंवा परस्परांचा शब्द पाडणे हा दुसरा. ही फोड अधिक उपयुक्त आहे. मते वेगळी असूनही शब्द न पाडणारे पालक असतात, आणि मते जुळूनही रागाच्या भरात मुलादेखत एकमेकांना खोटे पाडणारेही असतात.

भेद वाढतो कसा, हे समजायला ग्रेगरी बेटसन यांची 1935 ची कल्पना उपयोगी पडते. दोन पक्षांचे परस्परविरोधी वागणे एकमेकांना खतपाणी घालते आणि दोघेही आपल्या टोकाकडे सरकतात. वडील ओरडले म्हणून आई गुपचूप सूट देते. ती सूट कळली म्हणून वडील पुढच्या वेळी अधिक कडक होतात. काही वर्षांनी दोघेही सुरुवातीला होते त्यापेक्षा अधिक कठोर आणि अधिक ढिले झालेले असतात, आणि आपण फक्त दुसऱ्याची भरपाई करतो आहोत असे दोघांनाही मनापासून वाटते. याची खूण मुलाच्या बोलण्यात सापडते. ते परवानगी कोण घरात आहे हे पाहून मागू लागते, ‘आईला सांगू नका हं’ म्हणते, किंवा एकाचे ‘नाही’ ऐकून लगेच दुसऱ्या खोलीत जाते. यात लबाडी शोधणे चुकीचे आहे. दुसरे दार अधूनमधून उघडते, हे त्याने अनुभवाने ओळखलेले असते, आणि अधूनमधून उघडणारे दार ठोठावणे सहसा लवकर सुटत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चौथीतल्या मुलीला अभ्यास झाल्यावर अर्धा तास मोबाइल, असा आईचा नियम आहे. आई स्वयंपाकघरात असताना मुलगी अभ्यासाआधीच वडिलांकडे मोबाइल मागते आणि ते देतात. आई बाहेर येते. तिने मोबाइल हिसकावून घेतला तर वडिलांचा शब्द पडतो. ती काहीच बोलली नाही तर तिचा. येथे चालण्याजोगा संकेत असा: मुलासमोर आधी दिला गेलेला शब्द त्या दिवसापुरता राहतो, आणि बदल करायचा तर ज्याने शब्द दिला त्यानेच करायचा. मूल झोपल्यावर दोघे बोलतात. वडिलांचे म्हणणे असते, शाळेतून दमून आलेल्या मुलीला लगेच अभ्यासाला बसवणे जाच आहे. आईचे म्हणणे, आधी मोबाइल मिळाला की अभ्यास रात्री नऊवर जातो. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. ठरते ते असे: आल्यावर खाणे आणि एक तास खाली खेळणे, मग अभ्यास, मग अर्धा तास मोबाइल. हा नियम मुलीला वडील सांगतात, कारण सौम्य पालकाच्या तोंडून आलेली मर्यादा ‘आईचा हट्ट’ राहत नाही. खेळाच्या तासाची सूट आई जाहीर करते. पुढे मुलीने वडिलांकडे मोबाइल मागितलाच तर त्यांचे उत्तर एकच: ‘आई काय म्हणाली?’ दोन आठवड्यांनी दोघे नियम पुन्हा तपासतात.

सगळ्याच बाबतीत असे एकमत करावे लागत नाही. झोपेची वेळ, सुरक्षितता, मारहाण न करणे आणि पडद्यासमोरचा वेळ यांवर ते हवे. रविवारी आजोळी कोण किती लाड करतो, यावर नको. एकत्र कुटुंबात आजी-आजोबा हा तिसरा पक्ष असतो. त्यांना नियम सांगण्याचे काम ज्याचे ते आई-वडील, त्यानेच करणे सोपे जाते. सुनेने सासूला सांगितलेला नियम नियमापेक्षा नात्याचा प्रश्न होतो.

एकमुखी भूमिका म्हणजे मतभेद कायमचे झाकणे नव्हे. मार्क कमिंग्ज यांच्या प्रयोगांत मोठ्यांचे भांडण पाहिलेल्या मुलांची अस्वस्थता, ते भांडण मिटलेले दिसल्यावर कमी झाली. म्हणून मुलादेखत वाद झालाच, तर तो मिटल्याचेही त्याला कळू द्यावे.

एक पालक मारत असेल, उपाशी ठेवत असेल किंवा सतत अपमान करत असेल, तर एकमेकांचा शब्द न पाडण्याचा संकेत लागू होत नाही. तेथे दुसऱ्याने त्याच क्षणी मध्ये पडायचे असते, मुलाला बाजूला घ्यायचे असते, आणि गरज पडल्यास 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर फोन करायचा असतो.