कोपऱ्यातला तो एक ठिपका

विषम संख्या १ पासून ओळीने मिळवत जा. १ आणि ३ मिळून ४. त्यात ५ घातले की ९, मग ७ घातले की १६, मग ९ घातले की २५. दर वेळी वर्गसंख्याच हाती येते, आणि तीही अगदी नेमकी: दोन संख्या मिळवल्या तर २ चा वर्ग, तीन मिळवल्या तर ३ चा, पाच मिळवल्या तर ५ चा.

पण पाच वेळा जमलं म्हणून पन्नासाव्या वेळी जमेलच, असं गणितात धरता येत नाही. वर्तुळावर काही ठिपके द्या आणि प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांशी सरळ रेषेने जोडा. एका ठिपक्याला वर्तुळ अखंड म्हणजे १ भाग, दोन ठिपक्यांना २, तीनला ४, चारला ८, पाचला जास्तीत जास्त १६. आता सहा ठिपक्यांना ३२ असं कुणीही म्हणेल. मोजून बघा, ३१ च्या वर भाग पडत नाहीत. म्हणून विषम संख्यांच्या बेरजेतही ‘असं होतं’ एवढ्यावर थांबायचं नाही. ते का होतं हे दिसायला हवं.

त्यासाठी ठिपक्यांचा चौकोन मांडू. ठिपक्याच्या जागी मी आकडा लिहितो आहे, म्हणजे कोणता ठिपका कोणत्या फेरीत आला ते कळेल.

```
१ ३ ५ ७
३ ३ ५ ७
५ ५ ५ ७
७ ७ ७ ७
```

डावीकडे वर एकटा १ आहे. त्याला वळसा घालून तीन ठिपके बसले आणि २ बाजूचा चौकोन झाला. त्याला पाच ठिपक्यांचा वळसा, मग सात ठिपक्यांचा. प्रत्येक पट्टी सुताराच्या गुण्यासारखी काटकोनात वळलेली आहे. प्राचीन ग्रीक गणिती अशा पट्टीला ‘नोमोन’ म्हणत, आणि हा शब्द त्यांच्याकडे गुण्यासाठीही वापरला जाई.

खरी गंमत पट्टीच्या बांधणीत आहे. समजा चौकोनाची बाजू ४ आहे आणि ती ५ करायची आहे. उजवीकडे ४ ठिपक्यांचा एक उभा स्तंभ लावा, खाली ४ ठिपक्यांची एक आडवी ओळ लावा. तरी चौकोन पुरा होत नाही, कारण खालचा उजवा कोपरा रिकामाच राहतो. तिथे एक ठिपका ठेवला की झालं. ४ + ४ + १ = ९. दोन हात नेहमी सारखे, म्हणून त्यांची बेरीज सम. तिला विषम करतो तो कोपऱ्यातला एकटा ठिपका.

पुढच्या पट्टीत काय बदलेल? चौकोन एकाने मोठा झाला, म्हणून दोन्ही हात एकेका ठिपक्याने लांबतील. कोपरा मात्र एकच राहील. म्हणजे पट्टी दर वेळी बरोबर दोनने वाढते. सुरुवात १ ने झाली आहे, तेव्हा पट्ट्या १, ३, ५, ७ अशाच येणार. एकही विषम संख्या सुटणार नाही, एकही दोनदा येणार नाही. बाजू ४ असो की चार लाख, ही बांधणी तीच राहते. म्हणून n पट्ट्यांनी n बाजूचा चौकोन भरतो आणि बेरीज n² होते. वर्तुळाच्या उदाहरणात नुसता आकड्यांचा कल दिसला होता; इथे एक पायरी पुढच्या पायरीला कशी जन्म देते तेच डोळ्यांसमोर आहे.

मोजताना दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. एक म्हणजे नवा स्तंभ ५ चा, नवी ओळ ५ ची, मिळून १० असं म्हणणं. कोपरा दोन्हींत धरला गेला. पट्टी सम आली की चूक तिथेच आहे असं समजावं. दुसरं, १ ते ९९ पर्यंतच्या विषम संख्यांची बेरीज विचारली की ९९ चा वर्ग करायला हात जातो. पण ९९ ही शेवटच्या पट्टीतल्या ठिपक्यांची संख्या आहे, चौकोनाची बाजू नव्हे. कोपरा बाजूला काढा, उरले ९८. प्रत्येक हात ४९ चा. म्हणजे बाजू ५०. बेरीज २५००.

आता ९ ठिपक्यांच्या पट्टीकडे पुन्हा बघा. ४ बाजूच्या चौकोनाला ती लावली की ५ बाजूचा होतो. पण ते ९ ठिपके उचलून वेगळे मांडले तर त्यांचाच ३ बाजूचा चौकोन बनतो! म्हणजे ४² + ३² = ५², शाळेत भेटलेला ३, ४, ५ चा काटकोन त्रिकोण. जिथे जिथे पट्टी स्वतःच वर्गसंख्या असेल तिथे हे घडणार. २५ ची पट्टी घ्या: हात १२ चे, म्हणून १२² + ५² = १३². ४९ ची घेतली तर २४² + ७² = २५². विषम वर्गसंख्या संपत नाहीत, तेव्हा असे त्रिकोणही संपत नाहीत.

सगळेच मात्र असे एका पट्टीत सापडत नाहीत. ८, १५, १७ चा त्रिकोण घ्या. तिथे १५ बाजूच्या चौकोनाला लागोपाठ दोन पट्ट्या लावाव्या लागतात, ३१ ठिपक्यांची आणि ३३ ठिपक्यांची. दोन्ही मोडून एकत्र मांडल्या की ६४ ठिपके, म्हणजे ८ बाजूचा चौकोन.