लिफ्ट नसल्याचे २,७५० रुपये

नोंदींवरून अंदाज बांधायला शिकलेल्या संगणकी मॉडेलच्या एखाद्या अंदाजात कुठल्या माहितीचा किती वाटा आहे, हे ‘शॅप’ ही पद्धत सांगते. ती समजून घ्यायला आधी लग्नपत्रिका छापणारा एक छोटा छापखाना डोळ्यांसमोर आणा. संगीता डिझाइन करते, मारुती मशीन चालवतो आणि फिरोज गावोगाव फिरून ऑर्डरी आणतो. हंगाम चांगला गेला म्हणून मालकाने तिघांना मिळून २४ हजारांचा बोनस काढला. प्रत्येकाच्या हातावर आठ-आठ हजार ठेवून मोकळं होता येईल, पण तिघांच्या कामाचं वजन सारखं नाही.

मालक वही उघडतो आणि कोण कोण असतं तर किती बोनस निघाला असता, याचा हिशेब मांडतो. संगीता एकटी असती तर ६ हजार, मारुती एकटा असता तर ३ हजार. फिरोज एकटा असता तर शून्य, कारण ऑर्डर आणली तरी ती पुरी करणार कोण? संगीता आणि मारुती मिळून १२, संगीता आणि फिरोज मिळून ९. मारुती आणि फिरोज मिळून ३च, कारण डिझाइनशिवाय नवी ऑर्डर मशीनवर चढत नाही. तिघे मिळून २४.

एकटेपणीच्या आकड्यांवर वाटणी करायची म्हटली, तर ६, ३ आणि शून्य मिळून ९ हजारच होतात. १५ हजार कुणाचेच नाहीत. उलट बाजूने, एकेकाला वगळून किती नुकसान होतं ते पाहिलं, तर संगीताविना २१ हजारांचं, मारुतीविना १५ हजारांचं आणि फिरोजविना १२ हजारांचं. बेरीज ४८ हजार, म्हणजे हातातल्या पैशांच्या दुप्पट. माणसं एकमेकांच्या जोरावर काम करतात, म्हणून दोन्ही हिशेब फसतात.

यातून वाट काढली लॉइड शॅप्ली या अमेरिकन गणितज्ञाने, १९५३ साली. समजा, तिघे एकामागून एक छापखान्यात शिरतात. जो शिरेल त्याने बोनस जितका वाढवला, तितका त्याच्या नावावर मांडायचा. संगीता, मारुती, फिरोज या क्रमाने ६, ६ आणि १२ हजार येतात. फिरोज, मारुती, संगीता या क्रमाने शून्य, ३ आणि २१. क्रम बदलला की वाटणी बदलते, आणि कुठला क्रम खरा हे सांगायला काही आधार नाही. म्हणून शॅप्लीने सगळेच क्रम धरले. तिघांचे सहा क्रम होतात. सहाही मांडून प्रत्येकाची सरासरी काढली की संगीताला १२ हजार, मारुतीला साडेसात आणि फिरोजला साडेचार हजार मिळतात. बेरीज बरोबर २४. एकटा असता तर शून्य कमावणाऱ्या फिरोजलाही साडेचार हजार मिळाले, आणि ते मला अगदी रास्त वाटतं.

पण रास्त म्हणजे काय, हे शॅप्लीने मनावर सोडलं नाही. सगळी रक्कम वाटली जावी, सारखी भर घालणाऱ्यांना सारखा वाटा मिळावा, काहीच भर न घालणाऱ्याला काही मिळू नये, आणि दोन वेगळ्या कामांच्या वाटण्यांची बेरीज ही एकत्र कामाची वाटणी असावी. या चारही अटी पाळणारी वाटणी एकच आहे, हे त्याने सिद्ध केलं.

२०१७ साली वॉशिंग्टन विद्यापीठातले स्कॉट लुंडबर्ग आणि सू-इन ली यांनी हीच वाटणी मशीन लर्निंगच्या मॉडेलांना लावली आणि पद्धतीला ‘शॅप’ नाव दिलं. इथे माणसांच्या जागी मॉडेलला पुरवलेली माहिती येते आणि बोनसच्या जागी एका अंदाजाचा सरासरीपासूनचा फरक.

घरभाड्याचा अंदाज देणारं एक मॉडेल घेऊ. त्याला क्षेत्रफळ, मजला आणि लिफ्ट आहे की नाही, एवढंच सांगायचं. आकडे मी समजण्यासाठी घेतले आहेत. नोंदीतल्या सगळ्या घरांचा सरासरी अंदाज २० हजार रुपये. आपलं घर ८०० चौरस फुटांचं, चौथ्या मजल्यावरचं, बिनलिफ्टचं. त्याला मॉडेल म्हणतं १९ हजार. म्हणजे वाटायचे आहेत उणे एक हजार. बोनससारखी वजाबाकीही वाटता येते.

अडचण अशी की संगीता रजेवर जाऊ शकते, लिफ्टचा रकाना जाऊ शकत नाही. मॉडेलला सगळे रकाने भरूनच लागतात. म्हणून ‘लिफ्टची माहिती नाही’ याचा अर्थ असा लावतात: आपल्या घराचा मजला तसाच ठेवायचा, लिफ्टच्या रकान्यात नोंदीतल्या इतर घरांची उत्तरं एकेक करून भरायची आणि आलेल्या अंदाजांची सरासरी घ्यायची. आपल्या नोंदीत दर चार घरांतल्या एकाला लिफ्ट नाही. मॉडेल सरासरी क्षेत्रफळाच्या चौथ्या मजल्यावरच्या घराला लिफ्ट असेल तर २१ हजार आणि नसेल तर १५ हजार सांगतं. म्हणून फक्त चौथा मजला कळला की अंदाज होतो साडेएकोणीस हजार. फक्त लिफ्ट नाही एवढंच कळलं, तर १९. दोन्ही कळलं, तर थेट १५.

म्हणजे मजल्याने एकट्याने ५०० रुपये कमी केले आणि लिफ्टच्या अभावाने एकट्याने १,०००, पण दोघांनी मिळून ५,०००. उरलेले ३,५०० ना एकट्या मजल्याचे, ना एकट्या लिफ्टचे. चार जिने चढायचे आणि तेही लिफ्टशिवाय, या जोडीचे ते पैसे. सगळ्या क्रमांची सरासरी काढली की ही जोडीची रक्कम निम्मी-निम्मी वाटली जाते. मजल्याच्या वाट्याला उणे २,२५०, लिफ्टच्या वाट्याला उणे २,७५०. क्षेत्रफळ या मॉडेलमध्ये कुणाशीही न गुंतता सरळ ४,००० वाढवतं. २० हजारांत हे तिन्ही आकडे मिळवा, १९ हजार येतात. ही बेरीज जुळली नाही तर हिशेबात कुठेतरी चूक आहे.

काहीच माहिती नसलेला रिकामा गटही धरला, तर तीन घटकांचे आठ गट तपासावे लागतात. वीस घटकांचे दहा लाखांहून जास्त. त्यामुळे काही मॉडेलांसाठी नमुन्यादाखल थोडेच गट घेतात. एकेक प्रश्न विचारत फांद्या फुटत जाणाऱ्या निर्णयवृक्षांच्या मॉडेलांसाठी मात्र झाडाच्या रचनेचाच फायदा घेऊन अचूक आकडे झटपट काढता येतात.

शॅपचा आकडा वाचताना आधी विचारावं, की तुलना कुणाशी? नोंदीत फक्त बिनलिफ्टच्या जुन्या इमारती घेतल्या असत्या, तर लिफ्टचा वाटा शून्य आला असता. घर तेच, मॉडेल तेच, पण पाठीमागची घरं बदलली. दुसरी अडचण रकाने एकमेकांना बांधलेले असतील तेव्हा येते. क्षेत्रफळाबरोबर खोल्यांची संख्याही दिली, तर वरच्या भराभरीत तीनशे चौरस फुटांत चार खोल्या असलेलं घर तयार होतं. असं घर मॉडेलने कधी पाहिलेलंच नसतं, आणि त्याच्यासाठी ते जे काही बोलेल तेही हिशेबात शिरतं. घटकांची अशी जोडगोळी असेल, तर मी दोघांचे वाटे एकत्र करूनच वाचतो.

सगळ्यात जास्त गैरसमज मात्र २,७५० या आकड्याचाच होतो. घरमालक म्हणतो, ‘लिफ्ट बसवली की अंदाज २,७५० रुपयांनी वाढेल.’ मॉडेललाच विचारू. ८०० चौरस फूट, चौथा मजला, लिफ्ट आहे: २१ हजार आणि क्षेत्रफळाचे ४ हजार, मिळून २५ हजार. वाढ ६,००० रुपयांची झाली. २,७५० हा लिफ्ट नसलेल्या या घराच्या सरासरीपासूनच्या फरकातला वाटा होता, लिफ्ट बसवण्याची किंमत नव्हे. आणि हे ६,०००ही मॉडेलच्या अंदाजातले. भाडेकरू तेवढे देईल का, हे मॉडेलला ठाऊक नाही.