बाउन्स रेट ४० टक्के, मग व्ह्यूज इतके कमी कसे?

वाशीतल्या एका कोचिंग क्लासच्या वेबसाइटचा गूगल अ‍ॅनालिटिक्समधला महिन्याचा डॅशबोर्ड असा आहे असं धरू: सेशन्स म्हणजे भेटी १०००, व्ह्यूज म्हणजे उघडलेली पानं ११५०, बाउन्स रेट ४० टक्के. असा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर आला की जुना, जाणकार माणूस लगेच हिशोब मांडतो. बाउन्स म्हणजे एकच पान बघून संपलेली भेट. अशा भेटी ४००. उरलेल्या ६०० भेटींत किमान दोन-दोन पानं उघडली असणार, म्हणजे १२००. दोन्ही मिळून व्ह्यूज निदान १६०० हवेत. इथे ११५०च आहेत. निष्कर्ष ठरलेला: ट्रॅकिंग कोड बिघडलाय.

बहुतेक वेळा कोड ठीक असतो. हिशोबही चुकलेला नसतो. तो ज्या व्याख्येवर उभा आहे ती बदलली आहे, आणि स्क्रीनवरचं नाव मात्र तेच राहिलंय.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. आधी सर्व्हरच्या लॉग फाइल वाचून भेटी मोजल्या जायच्या. २००५मध्ये गूगल अ‍ॅनालिटिक्स फुकट मिळू लागलं आणि पानात कोडचा तुकडा टाकून मोजणं लहान धंद्यांच्याही आवाक्यात आलं. आपल्याकडे बहुतेकांना सवय लागली ती २०१२ नंतरच्या युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सची. त्यात वेळ मोजला जायचा तो दोन नोंदींमधल्या अंतरावरून. दुसरी नोंदच नसेल तर वेळ शून्य. दहावीच्या मुलाच्या आईने फीचं पान सात मिनिटं नीट वाचलं, नंबर कागदावर लिहून घेतला आणि फोन केला, तरी ती भेट शून्य सेकंदांची आणि बाउन्सच. एका पानात काम होणाऱ्या साइटवर हा अन्याय रोजचा होता.

त्यावर एक तोड निघाली. पान उघडून १५ किंवा ३० सेकंद झाले की एक इव्हेंट, म्हणजे आणखी एक नोंद, पाठवायचा, म्हणजे ती भेट बाउन्स धरली जात नाही. कोणी १५ सेकंद ठेवले, कोणी ३०, कोणी काहीच केलं नाही. त्यामुळे ठाण्यातल्या दोन दवाखान्यांचे बाउन्स रेट शेजारी ठेवून तुलना करणं तेव्हाही धोक्याचंच होतं. पण निदान ही तोड आपल्या हातची होती. कोणी, कधी आणि किती सेकंदांवर लावली, हे विचारता यायचं.

वादग्रस्त निर्णय पुढे आला. जीए-४चं, म्हणजे गूगल अ‍ॅनालिटिक्स ४चं, मूळ २०१९च्या अ‍ॅप आणि वेब एकत्र मोजणाऱ्या रचनेत आहे. ऑक्टोबर २०२०मध्ये ते या नावाने आलं तेव्हा त्यात बाउन्स रेट नव्हताच. त्याऐवजी एंगेज्ड सेशन आलं: भेट १० सेकंदांहून जास्त टिकली, किंवा तिच्यात ठरवलेली महत्त्वाची कृती, म्हणजे ‘की इव्हेंट’, घडली, किंवा दोन अथवा जास्त पानं उघडली गेली. तिन्हीपैकी एक पुरेसं. माझ्या मते हे पाऊल चांगलं होतं. फीचं पान वाचणाऱ्या आईला अखेर मोजणीत जागा मिळाली होती.

पण मालकांना दरमहा बाउन्स रेट बघायची सवय होती, रिपोर्टमध्ये तो रकाना रिकामा दिसू लागला आणि मागणी वाढली. जुलै २०२२मध्ये बाउन्स रेट परत आणला गेला, तो शंभरातून एंगेज्ड भेटींचे टक्के वजा करून, असा:

```
Bounce rate = 100% - Engagement rate
```

म्हणजे नाव जुनं, आतलं माप नवं. गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं. हा आकडा ‘अनएंगेज्ड’ म्हणून दाखवला असता तर कोणी जुन्या आकड्याशेजारी ठेवलाच नसता. १ जुलै २०२३ला युनिव्हर्सलमध्ये नवीन नोंदी घेणं थांबलं, आणि घाईघाईने जुने-नवे महिने एकाच शीटमध्ये चिकटवले गेले. बाउन्स रेट ८०च्या घरातून एकदम ४०वर आलेला दिसला आणि साइट सुधारल्याचं श्रेय नव्या डिझाइनला मिळालं.

आता क्लासच्या आकड्यांकडे परत येऊ. १००० भेटींना प्रत्येकी एक व्ह्यू धरला तर वर उरतात १५०. म्हणजे दुसरं पान उघडलेल्या भेटी जास्तीत जास्त १५०. एंगेज्ड भेटी ६०० आहेत, तेव्हा किमान ४५० भेटी फक्त १० सेकंदांच्या नियमामुळे किंवा महत्त्वाच्या कृतीमुळे त्यात बसल्या. जुन्या मापाने, वेळेचा इव्हेंट न लावता, याच महिन्याचा बाउन्स रेट ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेला असता. दोन्ही आकडे खरे आहेत. ८५ सांगतो की लोक दुसऱ्या पानावर जात नाहीत. ४० सांगतो की पहिलं पान बरेच जण थांबून बघतात. क्लासचा पत्ता, वेळ आणि फी एकाच पानावर असेल तर हे दोन्ही एकत्र असणं अगदी स्वाभाविक आहे.

सेशन्सचा आकडाही त्याच बदलात हलला, याकडे फार कमी लोक बघतात. ३० मिनिटं काही हालचाल नसेल तर भेट संपते, हा नियम दोन्हीकडे आहे. पनवेलला गाडीत बसताना पान उघडलं आणि सीएसएमटीला उतरून ते पुन्हा लोड केलं, तर भेटी दोन, माणूस एक. पण युनिव्हर्सलमध्ये आणखी दोन जागी भेट तुटायची: मध्यरात्री, आणि तोच माणूस दुसऱ्या जाहिरातीवरून परत आला की. मध्यरात्र कुठली, तर सेटिंगमधल्या टाइमझोनची. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून गेला असेल, तर ती मध्यरात्र आपल्याकडे दुपारी साडेबाराला किंवा दीडला यायची आणि जेवणाच्या सुट्टीत साइट बघणाऱ्यांच्या भेटींचे दोन तुकडे व्हायचे. जीए-४मध्ये या दोन कारणांनी भेट तुटत नाही. म्हणून नव्या महिन्यात सेशन्स कमी आणि बाउन्स रेटही कमी, असं चित्र दिसतं. ‘लोक कमी आले, पण चांगले आले’ असा त्याचा अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात येणारे लोक तेच असू शकतात.

खरा बिघाड वेगळा दिसतो. ट्रॅकिंग कोड दोनदा बसला असेल, एकदा थीममध्ये आणि एकदा टॅग मॅनेजरमधून, आणि दोन्ही एकाच खात्यात नोंद करत असतील, तर प्रत्येक पानाचे दोन `page_view` जातात. एक पान बघणाराही दोन पानांचा धरला जातो, त्यामुळे बाउन्स रेट शून्याजवळ येतो आणि व्ह्यूज सेशन्सच्या दुपटीच्या खाली सहसा जात नाहीत. बाउन्स रेट शून्याजवळ पण व्ह्यूज सेशन्सइतकेच असतील, तर ‘की इव्हेंट’ची यादी उघडावी. तिथे `session_start`सारखा प्रत्येक भेटीत होणारा इव्हेंट ‘की इव्हेंट’ म्हणून टिक केलेला सापडतो. तो तिथून काढला की पुढच्या दिवसांचे आकडे सरळ होतात.

१० सेकंदांची मर्यादा ६०पर्यंत वाढवता येते. ती कोणी वाढवली असेल तर त्या दिवसापासून बाउन्स रेट चढलेला दिसेल, साइटवर काहीही बदललेलं नसताना. म्हणून असा स्क्रीनशॉट पाठवताना कोणत्या आवृत्तीचा, कोणत्या टाइमझोनचा आणि किती सेकंदांच्या मर्यादेचा, हे खाली लिहावं. २०२४च्या जुलैपासून युनिव्हर्सलमधला डेटा उघडता येत नाही, त्यामुळे ज्यांनी तो आधी उतरवून ठेवला नाही त्यांच्याकडे त्या वर्षांचे स्क्रीनशॉटच उरले आहेत. त्या स्क्रीनशॉटवर आता ‘युनिव्हर्सल, जुनं माप’ एवढं तरी लिहून ठेवता येईल.