संदर्भसूची तपासताना: पाच वाक्यांचे पत्र आणि 608 लेख

जानेवारी 1980 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक पत्र छापून आले. जेमतेम पाच वाक्यांचे. रुग्णालयात दाखल असताना ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके मिळालेल्या 11,882 रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांत व्यसन लागल्याची पक्की नोंद सापडली, एवढेच पोर्टर आणि जिक यांनी त्यात कळवले होते. 2017 मध्ये याच नियतकालिकात या पत्राचा हिशेब मांडला गेला. तोवर 608 लेखांनी ते उद्धृत केले होते. त्यांतल्या सुमारे 72 टक्के लेखांनी ते 'ओपिऑइडने व्यसन क्वचितच लागते' याचा पुरावा म्हणून वापरले होते आणि रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे सुमारे 81 टक्के लेखांनी सांगितलेच नव्हते. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्या पत्रात अवाक्षरही नाही.

संदर्भ अस्तित्वात आहे, साल बरोबर आहे, नियतकालिक नामांकित आहे. आणि तरीही तो चुकीचा आहे. शोधनिबंध छापण्याआधी तपासणाऱ्या समीक्षकाने शोधायची सगळ्यात महत्त्वाची चूक ही, आणि ती शेवटची यादी चाळून दिसत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर द्यायच्या दोन वेदनाशामक उपचारांची तुलना करणारा शोधनिबंध समीक्षेला आला आहे आणि त्यात 45 संदर्भ आहेत. सूची उघडण्याआधी फक्त शीर्षक आणि गोषवारा वाचावा, स्वतः वीस मिनिटे शोध घ्यावा आणि या विषयात जे पाच-सहा अभ्यास असायलाच हवेत ते कागदावर लिहून ठेवावेत. हा क्रम पाळायलाच हवा. लेखकांची यादी एकदा नजरेखालून गेली की तीच पूर्ण वाटू लागते आणि जे नाही ते दिसेनासे होते. पबमेड या वैद्यकीय लेखांच्या खुल्या सूचीवर असा शोध पुरतो:

```
"persistent opioid use"[tiab] AND surgery[tiab]
```

यात 2017 सालचा अमेरिकेतला एक मोठा अभ्यास हाती लागतो. त्यात 36,177 शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी सुमारे 6 टक्के लोक तीन महिन्यांनंतरही ओपिऑइड घेत होते; शस्त्रक्रिया न झालेल्या तुलना-गटात हेच प्रमाण 0.4 टक्के होते. आता निबंधाच्या प्रस्तावनेत 'शस्त्रक्रियेनंतर व्यसनाचा धोका नगण्य असतो [4]' असे वाक्य असेल, चौथा संदर्भ 1980 चे ते पत्र असेल आणि 2017 चा अभ्यास सूचीत कुठेच नसेल, तर गाळलेला संदर्भ सापडला. तो निव्वळ नवा आहे म्हणून नव्हे, तर लेखकांच्या विधानाला छेद देतो म्हणून हवा. इथे समीक्षकानेही शब्द जपून वापरायचे: औषध चालू राहणे आणि व्यसन लागणे या एकच गोष्टी नव्हेत. '2017 च्या अभ्यासाने व्यसन सिद्ध झाले' असे लिहिले, तर समीक्षक लेखकांचीच चूक उलट्या दिशेने करतो.

पंचेचाळीसही संदर्भ मुळातून वाचणे कुणाला शक्य नसते, तशी गरजही नसते. ज्यांच्यावर निबंधाचा भार उभा आहे असे आठ-दहा निवडावेत: अभ्यास का केला, रुग्ण किती घेतले, वेदना कशी मोजली आणि निष्कर्षाची तुलना कशाशी केली, या वाक्यांना जोडलेले. प्रत्येकाचा मूळ लेख उघडून एकच प्रश्न विचारावा: हे विधान इथे आहे का, आणि याच प्रकारच्या रुग्णांबद्दल आहे का? गोषवाऱ्यावर भागवू नये. अटी आणि मर्यादा बहुतेकदा आत असतात.

रुग्णसंख्येचा संदर्भ तर मी सांगेन की कधीच सोडू नये. समजा लेखकांनी लिहिले आहे: 'पूर्वीच्या अभ्यासात [17] दहापैकी 2 गुणांचा फरक दिसला, म्हणून प्रत्येक गटात 25 रुग्ण पुरेसे आहेत.' हा सतरावा संदर्भ स्कॉट रूबेन यांचा निघाला तर? शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनाशमनावर लिहिणाऱ्या या अमेरिकन भूलतज्ज्ञाच्या 21 लेखांतली माहिती बनावट असल्याचे 2009 मध्ये उघड झाले आणि लेख मागे घेतले गेले. पण मागे घेतलेला लेख जगातून नाहीसा होत नाही. संगणकात साठवलेल्या जुन्या प्रतीवर 'मागे घेतला' असा शिक्का नसतो आणि ती प्रत वर्षानुवर्षे सूचींमध्ये फिरत राहते. पबमेडवर ही ओळ टाकली की असे लेख समोर येतात:

```
Reuben SS[au] AND retracted publication[pt]
```

इतर संदर्भांसाठी रिट्रॅक्शन वॉचची माहितीसूची सर्वांना खुली आहे आणि झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये संदर्भ भरले तर मागे घेतलेल्या लेखावर ते आपणहून इशारा दाखवते.

आता परिणाम पाहा. गुणांचे प्रमाण विचलन 2.5 धरले, तर 2 गुणांचा फरक 80 टक्के खात्रीने पकडायला प्रत्येक गटात 25 रुग्ण लागतात. खरा फरक 1 गुणाचाच असेल, तर सुमारे 98 लागतात. म्हणजे सतरावा संदर्भ काढला की निबंधाची रुग्णसंख्याच निराधार होते. 'संदर्भ बदला' एवढे लिहून इथे भागत नाही. गणित पुन्हा मांडायला सांगावे लागते आणि संपादकांना वेगळ्या टिपणात कळवावे लागते.

कालबाह्य संदर्भाबद्दल मात्र एक गैरसमज फार पसरलेला आहे: पाच-दहा वर्षांपूर्वीचे सगळे शिळे. तसे नसते. वेदना मोजण्याची पट्टी ज्या लेखात पहिल्यांदा तपासली गेली, तो चाळीस वर्षांचा असला तरी तिथे तोच हवा. कालबाह्य म्हणजे ज्याची जागा दुसऱ्याने घेतली आहे. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेची ओपिऑइडविषयक 2016 ची मार्गदर्शक तत्त्वे दीर्घकालीन वेदनेसाठी होती. 2022 मध्ये त्यांच्या जागी नवी आली आणि त्यांत तीव्र, अल्पकालीन वेदनाही धरली गेली. शस्त्रक्रियेवरच्या निबंधात 2016 ची आवृत्ती दिली असेल, तर ती दोन्ही अर्थांनी चुकते.

अनावश्यक संदर्भ ओळखणे सोपे. [21–29] असा गठ्ठा एका वाक्याला टांगलेला दिसला की त्यातले दोन-तीन उघडून पाहावेत. वाक्य काढून टाकले तरी निबंधाला काही होत नसेल, किंवा गठ्ठ्यातले बहुतेक लेख एकाच गटाचे असतील, तर 'प्रत्येक संदर्भ कशासाठी, ते सांगा' असे विचारावे.

शेरा लिहिताना जागा आणि कारण दोन्ही द्यावीत. 'संदर्भ अद्ययावत करावेत' या वाक्याने लेखकाला काहीच कळत नाही. त्याऐवजी: 'पान 2, ओळ 14: संदर्भ 4 रुग्णालयात दाखल रुग्णांच्या नोंदींवर आधारलेले पत्र आहे, घरी चालू राहणाऱ्या औषधाबद्दल त्यात माहिती नाही. विधान मर्यादित करावे किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घ वापराचे अभ्यास घेऊन पुन्हा लिहावे.' सुचवलेल्या लेखांत समीक्षकाचा स्वतःचा लेख असेल, तर तो वगळून शेरा वाचून पाहावा. तरीही शेरा टिकत असेल, तर स्वतःचा लेख सुचवायची गरज नाही. टिकत नसेल आणि त्या मुद्द्यावर दुसरे काम खरोखरच नसेल, तर तो लेख आपला आहे हे संपादकांना उघड सांगून मगच सुचवावा.